सुधन्वाचं कार्ड

"आज दोनदा आला होता," आई फोनवर म्हणाली, तशी रेवतीने तव्यावरची पोळी तशीच सोडून गॅस बारीक केला.

कोण आला होता, हे विचारायची रीत मायलेकींत आता उरली नव्हती. रेवतीचा धाकटा भाऊ सुधन्वा गेल्या जानेवारीत मानेसरच्या नोकरीवरून परतताना धुक्यात गेला. समोरचा ट्रक दिसला नाही, इतकंच कळलं. धुकं उठलं, रस्ता मोकळा झाला, वर्ष सरत आलं. फरीदाबादच्या घरात मात्र त्याची खोली होती तशी होती. टेबल, खुर्ची, आणि त्याने एकेक भाग जोडून उभा केलेला कॉम्प्युटर. सोसायटीची लाईट गेली आणि परत आली की तो कॉम्प्युटर कुणी हात न लावता आपोआप जागा व्हायचा. पंखे घुमायचे, काचेआड लाल दिवा लागायचा, पडद्यावर सुधन्वाचं नाव उमटायचं आणि खाली पासवर्डची रिकामी चौकट.

"मग?" रेवतीने विचारलं.

"मग काय. बसले होते त्याच्यापाशी. काहीतरी टाइप करत होता. मी म्हटलं, चहा घेतोस का." आई थांबली. "मघाशी ते गोल बटण दाबलं. म्हटलं, झोप आता, बाळा."

पोळी करपली. रेवतीने ती काढून दुसरी टाकली. 'आई, तिकडे एकटी राहू नकोस, माझ्याकडे द्वारकेला ये' हे सांगून सांगून तिची जीभ झिजली होती. "तो आला आणि घरी कुणी नसलं तर?" हे आईचं ठरलेलं उत्तर होतं, आणि केंद्र सरकारच्या मंत्रालयात फायली निकालात काढणाऱ्या रेवतीची ही फाईल वर्षभर तशीच पडून होती.

इकडे दिल्लीच्या द्वारकेत, रेवतीच्या घरी, वेगळंच वारं होतं. रेवतीची लेक इशिता कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती आणि तिला गेमिंगचा कॉम्प्युटर हवा होता. तयार विकत घ्यायचा नव्हता, स्वतः जुळवायचा होता, मामासारखा. जयदीपने, म्हणजे तिच्या बाबांनी, पन्नास हजारांची हद्द आखून दिली होती आणि वर, "तुझ्या मम्माला पटव, मग मला विचार," म्हणून हात झटकले होते.

तेव्हा इशिता मटार सोलत मम्माला पटवत होती.

"बघ, सगळ्यात मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाचा. गेममधलं चित्र तेच काढतं. प्रोसेसर सहा कोअरचा, ठीकठाक, बस. रॅम सोळा जीबी, पण आठ-आठच्या दोन पट्ट्या. एकच सोळाची घेतली तर स्पीड कमी पडतो. मॉनिटर बाबांचा जुना चालेल. आणि RGB वगैरे बिल्कुल नाही."

"RGB म्हणजे?"

"रंगीत लाइटिंग गं. पंख्यांत, रॅममध्ये, सगळीकडे चमकतं. त्याने गेम एक इंचही जोरात पळत नाही."

"म्हणजे लग्नात जेवणावर खर्च करायचा, मांडवाच्या रोषणाईवर नाही."

"एक्झॅक्टली, मम्मा!" इशिताने शेंग उडवली. "आणि पॉवर सप्लाय म्हणजे आचाऱ्याची गॅसची टाकी. तिथे कंजूषी केली, स्वस्तातलं कुठलंतरी लोकल डबडं घेतलं, तर एक दिवस सगळ्या मांडवालाच आग. मामा म्हणायचा, गरीब असाल तर प्रोसेसर गरीब घ्या, पॉवर सप्लाय गरीब घेऊ नका."

मामाचं नाव आलं तसे मटार सोलणारे दोन्ही हात क्षणभर थांबले. मग पुन्हा चालू लागले.

शनिवारी मायलेकी नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात गेल्या. मेट्रोतून उतरून चौकात पाय ठेवला की तिथला कलकलाट अंगावर येतो. "लैपटॉप? मैडम, रिपेयर? सॉफ्टवेयर?" अशी पोरं दोन्ही बाजूंनी चालू लागतात. इशिता त्यांच्यातून सरळ, कुणाकडेही न पाहता, पहिल्या मजल्यावरच्या एका दुकानात शिरली. प्रोसेसर आणि मदरबोर्ड एकत्र घेतले की थोडे स्वस्त पडत होते. दुकानदाराने आवाज खाली आणला, "बिल के बिना दो हज़ार और कम कर दूँगा, बेटा."

"नहीं भैया, बिल पक्का चाहिए. जीएसटीवाला."

तिने खोक्यावरचा सीरियल नंबर आतल्या मालावरच्या नंबराशी ताडून पाहिला, मग तोच नंबर बिलावर लिहून घेतला. त्याआधी सील फोडतानाचा व्हिडिओ रेवतीला काढायला लावला होता. "नंतर माल बिघडला तर कंपनी हाच नंबर विचारते," ती म्हणाली. "बिल नाही तर वॉरंटी नाही. दोन हजार वाचवून वीस हजारांचा जुगार." रेवती बघत राहिली. ही लेकीची भाषा नव्हती. शब्दांचा ठेकासुद्धा सुधन्वाचा होता, आणि लेकीच्या तोंडून तो ऐकताना भर दुपारी तिच्या अंगावर काटा आला.

घोटाळा रॅमने केला. रॅमचे भाव त्या महिन्यात असे काही चढले होते की दोन पट्ट्या आणि साठवणीची एसएसडी घेईपर्यंत कार्डाच्या वाट्याचा लचका तुटला. उरलेल्या पैशांत नवं चांगलं कार्ड येत नव्हतं. सेकंड-हँड शोधणं आलं.

तळघरातल्या एकाने 'नवं कोरं' म्हणून एक कार्ड काढलं, मशीनला लावून दाखवलं. पडद्यावर नाव बरोबर आलं. रेवतीला वाटलं, झालं. पण इशिताने खिशातून पेनड्राइव्ह काढून आपलं तपासणीचं सॉफ्टवेअर चालवलं आणि आकड्यांवर बोट ठेवलं. नाव नव्या कार्डाचं होतं, आतली चिप कुठल्यातरी जुन्या, निम्म्या ताकदीच्या कार्डाची. कुणीतरी त्याचा आतला प्रोग्रॅम बदलून त्याला खोटं नाव चिकटवलं होतं.

"मैडम, गेम खेलना है कि पीएचडी करनी है?" माणूस चिडला.

दुसऱ्या दुकानातलं कार्ड खरं होतं, पण त्याचे पंखे डुगडुगत होते. क्रिप्टोची नाणी काढायला कुठल्यातरी गोदामात रात्रंदिवस घासलेलं असणार, इशिता म्हणाली. तिसरा ऑनलाइन भेटलेला, कार्ड चालवून दाखवायला तयार नव्हता आणि आधी पैसे पाठवा म्हणत होता. त्याचा नंबर तिने तिथेच ब्लॉक केला.

परतीला पुन्हा मेट्रो. मंडी हाउसला गाडी बदलली, जागा मिळाली, तेव्हा इशिता खिडकीकडे पाहत म्हणाली, "मम्मा, एक कार्ड आहे. कुणी घासलेलं नाही. बिल आहे, वॉरंटीचं एक वर्ष अजून बाकी आहे. मी होते ते घेताना."

रेवतीला कळलं, सुधन्वाचं. तिने नाही म्हटलं. मग बाराखंबा गेलं, करोलबाग गेलं, आणि तिचं नाही हळूहळू पातळ होत गेलं. लेकीसाठी नव्हे. तिला वाटलं, ते कार्ड निघालं तर कदाचित त्या मशीनचं येणं थांबेल. येणं थांबलं तर आई तिथून उठेल. आणि लगेच दुसरं मन म्हणालं, त्या एका येण्यावर तर ती उभी आहे. ते काढून घेतलंस तर ती कशावर उभी राहील?

रविवारी दोघी फरीदाबादला गेल्या. रेवतीच्या अप्पांनी रिटायर होताना घेतलेला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. अप्पा केव्हाच गेले, 'राजाभाऊ' हे त्यांचं नाव तेवढं दारावर राहिलं. आईने, हेमलताबाईंनी, दार उघडलं, नातीला जवळ घेतलं, आणि चपला काढायच्या आतच म्हणाल्या,

"कार्ड मागायला आलात ना?"

रेवती उंबऱ्यातच खिळली. "तुला कुणी सांगितलं?"

"जयदीपरावांचा फोन होता. म्हणाले, आई, दोघींना तोंड उघडवणार नाही, तुम्हीच विषय काढा."

"बाबा पण ना यार," इशिता पुटपुटली.

"देईन की," हेमलताबाई म्हणाल्या. आवाज साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "माझं काय आहे त्यात? ज्याचं आहे त्याला विचारा. लाईट गेली की येईल. विचारा तोंडाने. हो म्हणाला तर घेऊन जा."

सुधन्वाच्या खोलीचं दार त्यांनी लोटलं. खोलीत उदबत्तीचा वास इतका मुरला होता की भिंतींना हात लावला तर बोटांना लागेल असं वाटावं. कॅबिनेटच्या काचेवर हळदी-कुंकवाची बोटं उमटलेली, वर वाळलेला झेंडू, बाजूला उदबत्तीचं घर आणि राखेची रेघ.

"खंडेनवमीला पुजलं," हेमलताबाई म्हणाल्या. "विळा, माझं शिवणाचं मशीन, त्याचं हे. हत्यार आपापलं. त्याच्या अप्पांच्या टाइपरायटरलाही मी पुजायचेच. हळदी-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, आणि सांगते रेवा, त्या दिवसापासून तो बोलायला लागला. आधी नुसता यायचा, गप्प बसायचा. आता टाइप करतो. टक, टक-टक, टक. तसाच करायचा ना गं? मधेच थांबायचा, विचार करायचा, पुन्हा टक-टक."

त्या पलंगाच्या कडेला बसल्या. गळ्यातल्या गळ्यात काहीतरी गुणगुणू लागल्या. जात्यावर बसल्यासारख्या त्यांच्या ओळी त्यांच्या स्वतःच्या असत, जुळतील तशा जुळवलेल्या.

दिवा गेला, दिवा आला, दिव्यामागं माझा तान्हा
पडद्याच्या गं पाण्यात नाव त्याचं, तो दिसेना

रेवतीला तिथे बसवेना आणि उठवेना. चहा झाला. थालीपीठ झालं. खिडकीतून डिसेंबरचं मळकं ऊन सरकत सरकत भिंतीवर गेलं. इशिता मोबाइल न बघता बसून होती, हेच नवल होतं. तिघी जणी लाईट जायची वाट पाहत होत्या, पाहुणा यायचा असावा तशी.

ती गेली. सगळ्या इमारतीचं घरघरणं एकदम बसलं. बैठकीच्या खोलीत इन्व्हर्टरचा दिवा लागला. या खोलीला ती लाइन नव्हती. सांज खोलीत शिरली आणि कोपऱ्याकोपऱ्यात उभी राहिली. हेमलताबाईंनी पदर सारखा केला.

आणि मग लाईट आली.

आधी बटणाभोवतीचा दिवा लागला. मग पंख्यांनी श्वास घेतला, लांब, आत ओढलेला. काचेआड लाल उजेड चढला आणि कुंकवाची बोटं काळी दिसू लागली. पडदा उजळला. त्याचं नाव आलं. खाली चौकट, आणि चौकटीत उघडझाप करणारी ती बारीक रेघ.

टक.

रेवतीच्या मानेवरचा केस न केस उभा राहिला. टक-टक. टक. ती आठ वर्षांनी मोठी होती. त्याला कडेवर घेतलेलं, त्याच्या अभ्यासावरून त्याला रागावलेली. या खोलीबाहेरून कितीदा ओरडली होती, "झोप रे आता, किती बडवशील तो कीबोर्ड!" आणि आतून असंच, थांबत थांबत, टक-टक.

"विचार," आई म्हणाली. "ऐकतो तो."

"सुधू..." रेवतीच्या तोंडून गेलं. पडद्यावरची रेघ उघडझाप करत राहिली. हा काहीतरी मागतो आहे, इतकंच तिला कळत होतं. आईने सगळी नावं घालून पाहिली होती त्या चौकटीत, अप्पांचं, तिचं, कुलदेवतेचं. एकालाही तो हो म्हणाला नव्हता.

इशिता मान तिरकी करून ऐकत होती. घाबरली होती, ओठ सुकले होते, पण ऐकत होती. मग ती टेबलाजवळ गेली, कॅबिनेटच्या माथ्यावर कान नेला आणि हळूच म्हणाली,

"मम्मा, वरच्या फॅनमध्ये काहीतरी आहे."

"हात लावू नकोस!" हेमलताबाई उभ्या राहिल्या.

"आज्जी, नाही लावत. पण ऐक ना. याची वरची जाळी मामाने धुवायला काढली होती, ती लावलीच नाही परत. राख आत चाललीये रोज. पाणी-कुंकू पण गेलं असेल. असंच चालू राहिलं तर एक दिवस आत काहीतरी जळेल. मग..." ती अडखळली. "मग मामा येणारच नाही."

त्या एका वाक्याने म्हातारी बसली. मग स्वतःच उठून गोल बटण दाबलं. "झोप थोडा," त्या म्हणाल्या. "साफ करतात तुला."

इशिताने भिंतीवरचं बटण बंद केलं, केबल काढली, कॅबिनेटच्या पत्र्याला हात टेकवून थंडीत अंगावर साठणारी स्थिर वीज उतरवली आणि काच उघडली. आत राखेची मऊ साय होती. रेवतीने रंगाचा कोरा ब्रश धरला. पंख्याचं पातं बोटाने रोखून दोघी पुसू लागल्या. वरच्या पंख्याच्या चौकटीत, पातं आणि वरचा पत्रा यांच्या मधे, काहीतरी लाल होतं. रेवतीने चिमटीत धरून बाहेर काढलं.

तांदळाचा दाणा. कुंकवाने माखलेली एक अक्षत.

पंखा फिरला की पातं तिला उडवायचं, ती वर पत्र्यावर आपटायची, खाली पडायची, पुन्हा उडायची. कधी लवकर, कधी उशिरा. टक. टक-टक. टक.

इशिताने पाहिलं. मायलेकींची नजर मिळाली. रेवतीने मूठ मिटली.

हा दाणा आता तिने खिशात टाकला, तर कुणाला कळणार होतं? आई म्हणेल, आज रुसला. म्हणेल, तुम्ही साफ केलंत म्हणून घाबरला. वाट पाहील. पुन्हा अक्षता टाकील. किंवा रेवती दाणा परत तिथेच ठेवू शकत होती. त्या खोलीत, त्या वासात, तेही तिच्या मनात येऊन गेलं.

"लाव," आई म्हणाली. "बघू दे साफ झालेला."

इशिताने केबल लावली, भिंतीवरचं बटण दाबलं. दिवा लागला, पंख्यांनी श्वास घेतला, नाव आलं. पंखे घुमत राहिले, मऊ, एकसारखे. बाकी काही नाही.

हेमलताबाईंनी वाट पाहिली. मान पुढे करून, हात मांडीवर घट्ट धरून. "का बोलत नाही?" मग रेवतीकडे वळून, लहान मुलीसारखं, "का बोलत नाही गं?"

आणि इशिताला ते सोसलं नाही. "आज्जी, तो येत नाही," ती रडत म्हणाली. "सेटिंग आहे ते. मशीनच्या आत एक सेटिंग असतं. लाईट गेली आणि परत आली की आपोआप चालू हो, असं. मामानेच केलं होतं. मला माहिती होतं. मी नाही सांगितलं."

"इशू!" रेवती ओरडली. पण शब्द खोलीत पडून गेला होता.

हेमलताबाई हलल्या नाहीत. "त्याने कशाला केलं?"

"त्याच्या दोस्तांचा गेम या मशीनवर चालायचा. सगळे रात्री इथेच येऊन खेळायचे, म्हणजे... इंटरनेटवरून. इकडे लाईट गेली की सगळे बाहेर. मामा मानेसरला शिफ्टवर. मग चालू कोण करणार?"

"मी करायचे," हेमलताबाई म्हणाल्या.

दोघी त्यांच्याकडे पाहू लागल्या.

"फोन करायचा तो. आई, गोल बटण दाब ना, एवढंच. मी उठायचे, पाय घासत यायचे, दाबायचे. कधी रात्री, कधी पहाटे. मग एकदम बंद झाले त्याचे फोन. मला वाटलं, संपलं आपलं काम. आता आईची गरज नाही." त्यांचा हात टेबलाच्या कडेवरून फिरत होता. "विचारलंही नाही कधी. मनात धरून बसले."

"म्हणूनच केलं होतं," इशिता म्हणाली. "मला म्हणाला होता. आज्जीचे गुडघे दुखतात, तिला उठवायला नको."

बाहेर कुणाचीतरी कुकरची शिट्टी झाली. हेमलताबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि तसाच धरून ठेवला. रेवतीला वाटलं होतं त्या कोसळतील. त्या फक्त बसून होत्या, फार दिवसांनी टेकल्यासारख्या.

"आणि टकटक?" पदराआडून त्यांनी विचारलं. "तेही सेटिंगच?"

रेवती त्यांच्या पायाशी खाली बसली. मूठ उघडली. "हे तू होतीस, आई," ती म्हणाली. "तुझी अक्षत. आत अडकली होती."

हेमलताबाईंनी दाणा उचलला, उजेडात धरला. झिजून तो टोकाला पांढरा झाला होता. "एवढ्याशा," त्या म्हणाल्या, "एवढ्याशाने मला दोन महिने घुमवलं." आणि हसल्या, आणि हसता हसता त्यांचा आवाज फुटला. मग मायलेकी तिथे जमिनीवर एकमेकींना धरून बराच वेळ रडल्या. इशिता उभी राहून रडत होती आणि मधेमधे ब्रशने काचेवरचं काहीतरी पुसत होती.

सावरल्यावर आईच म्हणाली, "काढ ते कार्ड."

"आई, घाई नाही. आम्ही दुसरं बघू."

"नेहरू प्लेसला फसायला जाशील पुन्हा? काढ म्हणते ना. पण त्याच्याआधी ते सेटिंग बंद कर. दिवसभर ही मेली लाईट जाते-येते, आणि दर वेळी त्याला उठवते. किती वेळा झोपमोड. पुरे झालं."

इशिताने मशीन बंद केलं, वीज काढली. कार्डाची तार सोडवली, दोन स्क्रू काढले, खाचेची कळ दाबून कार्ड अलगद ओढलं. मॉनिटरची केबल खालच्या, मदरबोर्डच्या खाचेत लावली. "मामाच्या प्रोसेसरमध्ये थोडंसं ग्राफिक्स आतच आहे," ती म्हणाली, "पडदा दिसण्यापुरतं." मग मशीन चालू करून डिलीटची कळ टपटप दाबली. निळी-काळी पानं उघडली. पानं उलटत ती एका ओळीवर थांबली.

"आज्जी, हे. इथे बंद निवडायचं. मग एफ-टेन, मग एंटर."

"मी दाबते."

त्यांनी चष्मा चढवला. बोट त्या कळेवर नेलं आणि तिथेच धरलं, दाबलं नाही. रेवती बघत होती. तिला वाटलं, आता नाही म्हणेल. पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, पण ठेवला नाही.

"पासवर्ड काढून देऊ का, आज्जी?" इशिताने हळूच विचारलं. "जमतं ते. आतले फोटो वगैरे..."

"नको. ते त्याचं त्याच्यापाशी राहू दे." आणि त्यांनी कळ दाबली.

मशीन पुन्हा सुरू झालं, मग गोल बटण दाबून बंद केलं. इशिताने भिंतीवरचं बटण बंद केलं, थोडं थांबून पुन्हा चालू केलं. तिघींनी श्वास रोखला. काही झालं नाही. दिवा नाही, पंखा नाही, नाव नाही. ती शांतता इतकी मोठी होती की घरात माणूस असल्यासारखी वाटली.

"झोपला," हेमलताबाई म्हणाल्या.

कार्ड गुंडाळायला त्यांनी रेशमी शाल आणली. इशिताने ती परत केली. "रेशमाने थंडीत करंट चढतो, आज्जी. सुती काहीतरी दे." तेव्हा आतून एक जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर आलं, अप्पांचं. खोकं कपाटावर होतं, आत बिल होतं, सीरियल नंबर जुळला. "घरी लावलं की तासभर जोरात चालवून बघते," इशिता म्हणाली. "तापमान बघते. मग फोन करते."

"कर. आणि पंखे पूस अधूनमधून. हळदी-कुंकू वाहशील ते बाहेरून वाह."

दारात रेवतीने पुन्हा विचारलंच, "द्वारकेला येतेस?"

"बघते," आई म्हणाली. नेहमीचं उत्तर हे नव्हतं. रेवतीने ते ऐकलं आणि पुढे काही विचारलं नाही.

खाली उतरेपर्यंत लाईट पुन्हा गेली. गेटपाशी ऑटोची वाट पाहत दोघी काळ्या इमारतीखाली उभ्या राहिल्या. धुकं उतरू लागलं होतं, दिव्याविना ते आणखीच जवळ आलं होतं. इशिताने कार्डाचं खोकं छातीशी धरलं होतं. कुठूनतरी पोरं ओरडली, आणि लाईट आली. खालून वर एकेक खिडकी पेटत गेली, पहिला मजला, दुसरा, स्वयंपाकघरं, बाल्कन्या.

तिसऱ्या मजल्यावरची ती एक खिडकी काळीच राहिली. तो लाल उजेड आला नाही. रेवती बघत राहिली, ऑटो येऊन थांबली तरी. आई आत अंधारात उभी आहे, हे तिला इथून दिसत होतं, दिसत नसतानाही.

"मम्मा, चल ना."

"थांब."

मग त्या खोलीत ट्यूबलाइट एकदा लुकलुकली, विझली, पुन्हा लुकलुकली आणि लागली. पांढऱ्या उजेडात आईची आकृती खिडकीपाशी आली. तिने पडदा बाजूला केला आणि दोन्ही दारं सताड उघडली, उदबत्तीचा कोंडलेला वास बाहेर जायला.